वजनकाटा मैदानावर आणला तेव्हा

उन्हाळ्यात आमचा फुटबॉलचा सराव दुपारी चारला सुरू व्हायचा आणि साडेपाचला संपायचा. मधल्या फळीत खेळणारा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. पहिली चाळीस मिनिटं तो मैदानभर असायचा, नंतर मात्र त्याच्या पायांत शिसं भरल्यासारखं व्हायचं. पास उशिरा जायचे, धाप लागायची, आणि सराव संपला की डोकं धरून बसायचा. आठवड्यातून एकदा तरी पोटऱ्यांत गोळे यायचे. एकदा सराव संपल्यावर त्याने अख्खी बाटली घटाघटा रिकामी केली आणि पाच मिनिटांत ती सगळी ओकून टाकली.

मी आधी काय केलं ते सांगतो, कारण चूक माझीच होती. मला वाटलं दम कमी पडतोय, म्हणून त्याला जादा धावायला लावलं. आठवडाभरात तो आणखी खाली गेला. घरच्यांनी त्यांच्या परीने उपाय सुरू केला होता: रोज दोन केळी आणि ‘पाणी भरपूर पी’. तोही उपयोगाचा ठरला नाही. मग मी अंदाज बांधणं सोडलं आणि घरचा वजनकाटा पिशवीत घालून मैदानावर आणला.

त्यातूनच संघासाठी घेतलेला एक तास उभा राहिला. पण आधी त्या मुलाची मोजणी, कारण तासात जे शिकवलं ते सगळं तिथूनच आलं.

मोजायची पद्धत साधी आहे. सरावाआधी लघवीला जाऊन यायचं आणि कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. सरावात किती प्यायलं ते मोजायचं. सराव संपल्यावर अंग पुसून पुन्हा तसंच वजन करायचं. एक किलो वजन घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवायचं, मध्ये लघवी झाली असेल तर ती वजा करायची, की एकूण घाम कळतो. सराव किती तासांचा होता त्याने भागलं की ताशी घाम.

साधं असलं तरी पहिल्याच दिवशी दोनदा फसलो. काटा गवतावर ठेवला होता, त्यामुळे एकाच मुलाचं वजन दोन वेळा वेगळं आलं. तो उचलून व्हरांड्याच्या फरशीवर नेला. नंतर मिडफिल्डर घामाने निथळणाऱ्या जर्सीतच काट्यावर उभा राहिला आणि आकडा आला ५३.०. जर्सी आणि मोजे उतरवून, अंग पुसून पुन्हा उभा केला तर ५२.७. तीनशे ग्रॅम कपडे आणि त्यांत मुरलेला घाम यांचेच होते. तो पहिला आकडा धरला असता तर त्याची तूट आम्हाला खरीपेक्षा बरीच कमी दिसली असती.

चारला सुरुवात करताना त्याचं वजन ५४.२ किलो होतं, शेवटी ५२.७. दीड किलो घट. मध्ये तो ४०० मिली पाणी प्यायला होता. म्हणजे दीड तासात एकूण घाम १.९ लिटर, ताशी सव्वा लिटरपेक्षा किंचित जास्त. त्याच्या वयाच्या मुलासाठी हा घाम बराच आहे, पण उन्हात सतत धावणाऱ्याच्या बाबतीत नवल करण्यासारखा नाही.

इथवर वाटलं की उत्तर मिळालं: हा कमी पितो, जास्त प्यायला लावू. पण त्याच दिवशी सकाळी आठला, शाळेत आल्या आल्या, मी त्याचं वजन घेऊन ठेवलं होतं. ते होतं ५५.०. म्हणजे मैदानावर पाय ठेवण्याआधीच तो ८०० ग्रॅमने उतरला होता. सकाळपासून मोजली तर एकूण घट २.३ किलो, शरीराच्या वजनाच्या चार टक्क्यांहून थोडी जास्त. यातला प्रत्येक ग्रॅम पाण्याचाच असतो असं नाही, पण मोठा भाग पाण्याचा असतो. उन्हात साधारण दोन टक्क्यांच्या पुढे घट गेली की दमाच्या खेळात कामगिरी घसरायला लागते, असं खेळाच्या शरीरशास्त्रात मानलं जातं. हा मुलगा दीड टक्का घट घेऊनच मैदानात उतरत होता. त्याची चाळीस मिनिटं तिथेच संपत होती.

मग मी त्याच्या दिवसाकडे वळलो. त्याला विचारलं, ‘आज सकाळपासून काय काय पोटात गेलं, अगदी घोटन्‌घोट सांग.’ सकाळी उशीर होतो म्हणून काही खाल्लं नव्हतं. मधल्या सुट्टीत ब्रेडच्या दोन स्लाइस. दुपारच्या जेवणात उकाड्याने भूकच नव्हती म्हणून अर्धं ताट परत. पाणी? एक ग्लास, फार तर दीड.

‘तहान लागत नाही का?’

‘लागते सर. पण प्यायलं की जावं लागतं, आणि शाळेचं संडास...’ एवढं बोलून तो थांबला.

ही गोष्ट कोणत्याही आहारतक्त्यात सापडत नाही. मुलं पाणी पीत नाहीत याचं कारण अज्ञान असतंच असं नाही. घाणेरडं स्वच्छतागृह, तासाला बाहेर सोडायला नाखूश शिक्षक, बाकावर बाटली ठेवायला बंदी, एवढी कारणं पुरेशी असतात. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच. मी वर्गशिक्षकांशी बोललो, बाटली बाकावर ठेवायची परवानगी मिळाली, आणि खेळाच्या खोलीजवळचं स्वच्छतागृह संघासाठी मधल्या सुट्टीत उघडं ठेवलं. खरं सांगायचं तर पुढच्या सगळ्या मीठ-साखरेपेक्षा याचा परिणाम मोठा झाला असावा.

आता तास. वर्गात पंचवीस मुलं-मुली. टेबलावर एक मापाचं भांडं, चहाचा एक चमचा, मीठ, साखर, लिंबं, केळी, उकडलेले बटाटे, अंडी, दूध. कुणाच्याही स्वयंपाकघरात सापडेल असंच सामान मुद्दाम आणलं होतं. मुलांच्या मनात ‘खेळाडूचं पेय’ म्हणजे रंगीत बाटली, आणि ती परवडत नाही म्हणून आपलं काही होणार नाही, असं घट्ट बसलेलं असतं.

सुरुवात केळ्यापासून केली, कारण ‘गोळे आले की केळं’ हे सगळ्यांना पाठ होतं. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, एका मध्यम केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण घामातून पोटॅशियम फार जात नाही, लिटरमागे दीडशे-दोनशे मिलिग्रॅमच्या घरात. घामातून मुख्यतः जातं ते मिठातलं सोडियम, सरासरी लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास, आणि माणसागणिक याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत. केळ्यात सोडियम जवळपास नसतंच. म्हणजे मिडफिल्डरच्या घरचे लोक जी वस्तू फारशी हरवलीच नव्हती ती भरून काढत होते. केळं चांगलंच आहे, पण ते सरावाआधीच्या पिठूळ-गोड शक्तीसाठी. त्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. पोटऱ्यांतल्या गोळ्यांसाठी ते औषध नाही. शिवाय गोळे नेमके कशाने येतात यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. दमलेल्या स्नायूवरचा मज्जातंतूंचा ताबा सुटणं हे एक ठळक कारण मानलं जातं, आणि आलेला गोळा लगेच सोडवायचा तर स्नायू हळूहळू ताणून धरणं हाच उपाय.

‘मग माझं किती मीठ जातं?’ मिडफिल्डरने विचारलं. फळ्यावर हिशोब मांडला. १.९ लिटर घाम, लिटरमागे एक ग्रॅम सोडियम धरलं तर १.९ ग्रॅम. एक ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे एकूण पावणेपाच ग्रॅम मीठ. सपाट चमच्याला थोडंसं कमी. हा अंदाजच आहे, कारण घामातलं मीठ आम्ही मोजलं नव्हतं. पण त्याच्या गडद रंगाच्या टोपीवर वाळल्यावर पांढरे पट्टे उमटायचे आणि घाम डोळ्यांत गेला की झोंबायचा, यावरून त्याचा घाम खारट बाजूचा असावा एवढं म्हणता येत होतं.

एवढं ऐकल्यावर एकाने ताबडतोब चमचाभर मीठ लिटरभर पाण्यात ओतलं. मी अडवलं नाही. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. इतकं खारट कुणी पीत नाही, आणि जबरदस्तीने प्यायलं तर मळमळतं. सरावाच्या दीड तासात गेलेलं सगळं मीठ तिथल्या तिथे परत घालायची गरजही नसते. पेयातलं मीठ दोन कामांपुरतं असतं. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, म्हणून शोषण नीट होतं. दुसरं म्हणजे तहान जागी राहते. नुसतं पाणी प्यायल्यावर शरीरातली तूट भरायच्या आतच मुलांची तहान मरते. थोडी चव, थोडी साखर, थोडं मीठ असेल तर ती आपणहून जास्त पितात. उरलेलं मीठ रात्रीच्या जेवणातून येतं.

मग योग्य माप केलं. एक लिटर पाणी, चहाचे पंधरा सपाट चमचे साखर म्हणजे सुमारे साठ ग्रॅम, पाव सपाट चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, आणि चवीपुरतं लिंबू. ‘सपाट’ या शब्दावर मी बरीच मिनिटं घालवली. एका मुलीने ढीग करून भरलेला चमचा आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकलेला चमचा, दोन्ही कागदावर शेजारी शेजारी ओतून दाखवले. ढिगाच्या चमच्यात जवळजवळ दुप्पट मीठ होतं. घरी पेय करताना बिघडतं ते इथेच. चव घेऊन पाहायची खूण अशी: मीठ आहे हे जिभेला कळावं, पण खारट वाटू नये.

साखरेच्या बाजूनेही एक चूक करून दाखवली. दुसऱ्या भांड्यात दुप्पट साखर घातली. मुलांना तेच जास्त आवडलं, हे सांगायला नकोच. पण शंभर मिलीमागे सहा ते आठ ग्रॅमच्या पुढे साखर गेली की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. पाणी जठरातच डचमळत राहतं आणि धावताना मळमळतं. बाजारातली गोड थंड पेयं आणि फळांचे रस साधारण दहा-बारा ग्रॅमवर असतात. सरावाच्या मध्ये प्यायचा असेल तर रसात तितकंच पाणी आणि चिमूटभर मीठ घालावं. कॅफिनवाली ‘एनर्जी’ पेयं मी संघात पूर्ण बंद ठेवली आहेत. ती मुलांसाठी नाहीत.

एका मुलीचा प्रश्न नेमका होता: ‘सर, जुलाब झाल्यावर देतात ते हेच ना?’ नाही. जुलाबाच्या द्रावणात साखर बरीच कमी आणि मीठ जास्त असतं, घरगुती मापात लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आजारात आतड्यातून गेलेलं पाणी भरणं एवढंच त्याचं काम. आपल्या पेयातली जादा साखर धावणाऱ्या स्नायूंसाठी असते. म्हणूनच तासाभरापेक्षा कमी, हलका सराव असेल तर साधं पाणी पुरतं, साखरेचं काही काम नाही.

मिडफिल्डरचा दिवस आम्ही सकाळपासून पुन्हा बसवला. उठल्यावर एक मोठा ग्लास पाणी, मग घरात असेल ते पिठूळ अन्न आणि त्याबरोबर एक अंडं किंवा वाटीभर शिजवलेली डाळ. उशीर झालाच तर ब्रेड आणि उकडलेलं अंडं हातात घेऊन निघायचं. मधल्या सुट्टीत पाणी आणि लघवी. लघवीचा रंग फिकट गवतासारखा असला तर ठीक, गडद पिवळा असला तर आणखी एक ग्लास. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्याला ही खूण फसवते, लघवी तशीही भडक पिवळी दिसते.

दुपारच्या जेवणात भूक मरते हा खरा अडथळा होता. उकाड्यात गरम, कोरडं, तेलकट ताट समोर आलं की मुलं ते सारून ठेवतात. आम्ही तेच अन्न ओलं आणि गार केलं: दही घालून कालवलेला भात, काकडी, पातळ डाळ. दह्यात आणि काकडीत बहुतांश पाणीच असतं, म्हणजे जेवतानाच पाऊण-एक ग्लास पाणी नकळत पोटात जातं. त्याची आई म्हणाली, ‘हे तर मी ताप आल्यावर देते.’ दिलं मात्र रोज, आणि ताट रिकामं यायला लागलं.

सरावाआधी तासभर, म्हणजे तीनच्या सुमाराला, किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं असा ढोबळ हिशोब. त्याच्यासाठी पंचावन्न ग्रॅम: एक केळं आणि साखर किंवा जॅम लावलेल्या ब्रेडच्या दोन स्लाइस. त्याबरोबर ३०० मिली पाणी. शेंगदाणे त्याला फार आवडतात, पण ते इथे नाहीत. चरबी आणि चोथा सावकाश उतरतो आणि दहाव्या मिनिटाला पोटात टोचायला लागतं. शेंगदाणे सरावानंतर.

सरावात आधी तीन विश्रांत्या ठेवल्या, प्रत्येकी ३०० मिली. त्याला पोट जड वाटलं. मग दर वीस मिनिटांनी चार विश्रांत्या केल्या, प्रत्येकी सव्वादोनशे मिली. एकूण तेच ९०० मिली, पण ते पोटाला सोसलं. त्याच्या बाटलीवर मार्करने चार रेघा ओढल्या, म्हणजे मोजायला कुणी लागत नाही. गेलेला सगळा घाम सरावातच भरायचा हट्ट आम्ही धरला नाही. धावताना जठर तासाला लिटरच्या आसपासच पुढे सरकवू शकतं, आणि त्याचा घाम त्याहून जास्त आहे. उद्दिष्ट एवढंच होतं की घट दोन टक्क्यांच्या आसपास राहावी.

सरावानंतर जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढच्या तीन-चार तासांत घ्यायचं, कारण काही भाग लघवीतून जातोच. इथे त्याची जुनी ओकारी कळते. २.३ किलोची घट भरायची तर झोपायच्या आत जवळपास तीन लिटर पोटात जायला हवं, आणि ते कुणालाच जमत नाही. तूट दुसऱ्या दिवसावर जायची, मग तिसऱ्या. नव्या पद्धतीत दीड लिटर पुरायला लागलं, आणि त्यात दूध आणि जेवणातलं पाणीही धरलेलं. मैदानावरच मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि एक ग्लास दूध देतो. दुधात पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि प्रथिनं असतात, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ शरीरात टिकतं. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना अंडं, दही आणि पाणी.

हे सगळं बसत असतानाच गोलकीपरचा आकडा समोर आला. ती अठ्ठेचाळीस किलोची, सरावानंतर तिचंही डोकं दुखायचं. तासात ‘पाणी प्या’ ऐकून ती मन लावून प्यायला लागली होती. सरावाआधी वजन ४८.०, नंतर ४८.६. मला वाटलं काटा पुन्हा बिघडला. दुसऱ्यांदा केलं, तेच. दीड तासात ती दीड लिटर साधं पाणी प्यायली होती आणि तिचा घाम जेमतेम ९०० मिली होता. गोलमध्ये उभं राहणाऱ्याला किती घाम येणार? तिची डोकेदुखी आणि मिडफिल्डरची डोकेदुखी बाहेरून अगदी सारखी होती, आणि दोघांनाही मी एकच सल्ला दिला होता.

गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, पोट फुगणं, बोटांतली अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, आणि वाढत गेलं तर बरळणं, झटके. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटी ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि धावताना वजन वाढण्याशी त्याचा सगळ्यात घट्ट संबंध दिसला. तिच्या बाबतीत रक्त तपासलेलं नाही, त्यामुळे तिला तसं झालं होतं असा माझा दावा नाही. तिला एवढंच सांगितलं की सरावात तहानेपुरतं पी, वजन सुरुवातीपेक्षा वर जाऊ द्यायचं नाही. ती विश्रांतीला दीडशे मिलीवर आली आणि चार दिवसांत तिची डोकेदुखी थांबली. तेव्हापासून संघाला एक आकडा सांगणं मी बंद केलं. प्रत्येकाच्या बाटलीवरच्या रेघा वेगळ्या आहेत.

एक भीती सुरुवातीलाच मनात होती. या वयातल्या मुलांना सगळ्यांसमोर काट्यावर उभं करणं धोक्याचं आहे. कुणी वजनावरून चिडवतं, कुणी जेवण कमी करतं. म्हणून बाकीच्या संघाची मोजणी खोलीत एकेकाने स्वतः करायची, मला फक्त फरक सांगायचा, आणि तीन-चार वेळा मोजून झालं की काटा घरी. एका मुलीला मोजायचं नव्हतं, तिला रंग आणि तहान या दोनच खुणा दिल्या. ज्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्याचं मीठ-साखरेचं माप डॉक्टरच ठरवतील. संघात एक असा मुलगा आहे आणि त्याची बाटली वेगळी असते. पेय रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. बाटलीच्या झाकणात साखर साचून वास यायला लागतो, ते ब्रशने घासायचं.

आणखी एक गोष्ट तासात स्पष्ट सांगावी लागली. भरपूर पाणी प्यायलेल्या खेळाडूलाही उष्माघात होऊ शकतो. शरीरात उष्णता तयार होते ती धावण्याच्या जोरावर, आणि दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. टपकलेला घाम अंग गार करत नाही. खेळाडू अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, चिडचिडा झाला, तर बाटली शोधत बसायचं नाही. तिथल्या तिथे थंड पाण्यात बसवायचं, किंवा अंगावर गार पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा, त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. गार करणं आधी, नेणं नंतर. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून उन्हाळ्याचा पहिला आठवडा आम्ही सराव अर्ध्यावर आणला आणि वेळ तासाभराने पुढे ढकलली. हे मी आधीच करायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी मिडफिल्डरची मोजणी पुन्हा केली. सकाळी ५५.६, सरावाआधी ५५.५, नंतर ५४.४. मध्ये ९०० मिली. म्हणजे घाम दोन लिटर, आधीपेक्षा शंभर मिली जास्त. एका सहकाऱ्याला ते उलटं वाटलं, सुधारणा झाली तर घाम कमी व्हायला नको का? पण उन्हाची सवय झालेलं शरीर जास्त घाम गाळतं आणि त्यात मीठ कमी सोडतं. शिवाय आता तो पूर्ण नव्वद मिनिटं धावत होता. सकाळपासूनची घट १.२ किलो, दोन टक्क्यांच्या थोडी वर.

सकाळच्या आकड्याकडे मात्र मी बराच वेळ पाहत राहिलो. आधीचा ५५.० मी त्याचं भरलेलं वजन समजून हिशोब केला होता. ते भरलेलं नव्हतंच. अर्धपोटी राहून स्नायूंतला पिष्टाचा साठा, ग्लायकोजेन, रिकामा झाला होता, आणि ग्लायकोजेन दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. जेवण नीट झाल्यावर साठा आणि पाणी दोन्ही परत आले. म्हणजे पहिल्या दिवसाची त्याची खरी तूट चार टक्क्यांहूनही बरीच जास्त असावी. आता एका सकाळच्या वजनावर मी विसंबत नाही. नीट जेवलेल्या तीन-चार सकाळींची सरासरी घेतो.

गोळे त्या दोन आठवड्यांत एकदा आले, तेही सामन्याच्या जादा वेळेत. तो खाली बसला, पाय सरळ केला, पंजा स्वतःच्या दिशेने ओढून धरला. मी बाटली घेऊन पळालो तर म्हणाला, ‘थांबा सर, चौथी रेघ झालीये माझी.’